जुना निळा ड्रम घेताना

गोंदियाकडे बऱ्याच घरांत वर्षाचा तांदूळ एकदम भरतात. अशा वेळी बाजारातला जुना निळा ड्रम स्वस्त वाटतो. पण त्यात आधी काय होते, ते विचारा. रसायन किंवा कीटकनाशक असेल, तर तो सोड्याने कितीही घासला तरी उपयोग नाही. प्लास्टिक ते आत शोषून घेते आणि पुढे हळूहळू सोडते. कोमट पाणी भरून, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी वास आला तर ड्रम परत करा. वास नसला तरी तो सुरक्षित ठरत नाही. तळाच्या त्रिकोणातला 2 किंवा 5 हा आकडाही फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. म्हणून धान्यासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी पेला-काट्याचे चिन्ह किंवा ‘फूड ग्रेड’ असे छापलेला नवाच ड्रम घ्या. लोणच्याला मात्र चिनी मातीची बरणीच बरी.