क्लासची जाहिरात पालकांना वाचता तरी येते काय?

मे महिना आला की आमच्या मालेगावात कोचिंग क्लासच्या जाहिराती सुरू होतात. पूर्वी भिंतीवर पत्रके चिकटत, आता इन्स्टाग्रामवर कॅरोसेल टाकतात. म्हणजे बोटाने एकामागून एक सरकवत पाहायची चित्रांची माळ. त्यात आमची हरकत एकच आहे. ही चित्रे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तयार होतात आणि पाहिली जातात चार बोटे रुंदीच्या मोबाईलवर.

गेल्या हंगामातील एका क्लासचे उदाहरण घ्या. दहावीची फी १८,००० रुपये, तीन हप्त्यांत. ३१ मेपर्यंत पहिला हप्ता भरल्यास २,००० रुपये सूट. ही सूट दुसऱ्या चित्रात एकोणीस ओळींच्या गर्दीत सतराव्या ओळीवर होती. आमच्या ओळखीचे एक लूम कारागीर जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसे घेऊन गेले. सूट संपली होती. "जाहिरातीत लिहिले होते," असे क्लासवाले म्हणाले. लिहिले होते हे खरे, पण अक्षर किती मोठे होते?

हिशेब सोपा आहे. असे चित्र साधारणपणे १०८० पिक्सेल रुंद व १३५० पिक्सेल उंच करतात. नेहमीच्या मोबाईलचा पडदा सुमारे ६८ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे १६ पिक्सेलला एक मिलिमीटर धरावा. त्या चित्रातील मजकूर २६ पिक्सेलचा होता. मोबाईलवर तो सुमारे १.६ मिलिमीटर झाला. त्यातही वरची वेलांटी आणि खालचा उकार वजा केल्यास मूळ अक्षराला जेमतेम एक मिलिमीटर उरतो. वर्तमानपत्राचा मजकूर साधारण ९ पॉइंटचा, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरचा असतो. तेवढेच अक्षर मोबाईलवर हवे असेल तर चित्रात ५२ पिक्सेल ठेवावे लागतात. ४० च्या खाली तर काहीच जाऊ नये, पत्तासुद्धा नाही.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये अक्षर मोठे करण्याची सोय असते. असते, पण ती ॲपच्या स्वतःच्या अक्षरांना लागू पडते. चित्रात रंगवलेले अक्षर त्या सोयीने तसूभरही वाढत नाही. दोन बोटांनी चित्र ताणले तर मोठे दिसते, परंतु बोट उचलताच ते पूर्ववत होते. फोन नंबर कागदावर उतरवून घेणाऱ्याने तिसरा हात कोठून आणावा? म्हणून तारीख, फी आणि नंबर चित्राखालच्या मजकुरातही लिहावेत.

आता तीच जाहिरात नव्याने बसवू. दोन्ही बाजूंना ८० पिक्सेल समास सोडला की ९२० उरतात. ५२ पिक्सेलच्या देवनागरीत एका ओळीत पाच-सहा शब्द मावतात. दोन ओळींतले अंतर दीडपट, म्हणजे ७८ पिक्सेल ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. एका चित्रात सात-आठ ओळी पुरेत. एकोणीस ओळी तीन चित्रांत वाटल्या की काम झाले. जागेची चणचण नाही. २०२४ पासून एका माळेत वीस चित्रे चालतात. सुटीची तारीख एकटीच एका चित्रात द्यावी. पहिल्या चित्रावरचे 'दहावी : गणित व विज्ञान' हे शब्द मात्र ११० पिक्सेलचे हवेत, कारण क्लासच्या पानावर एका रांगेत तीन चित्रे बसतात आणि अक्षर तिथे एक-तृतीयांश होते.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी जाहिरात असेल तर आणखी सांभाळावे लागते. नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून वरून खाली उतरत येतो, त्यामुळे ओळीला उंची जास्त लागते आणि त्याच आकड्यात अक्षर बारीक दिसते. एक, दोन की तीन नुक्ते, हे दिसले नाही तर 'बे', 'ते' आणि 'से' यांत फरक उरत नाही. देवनागरीच्या दीडपट आकार धरावा. शिवाय उर्दू वाचणारा उजवीकडून सुरुवात करतो, माळ मात्र नेहमीच्याच दिशेने सरकते. तेव्हा प्रत्येक चित्रावर ठळक क्रमांक घालणे बरे.

डिझाइन करणारी मुले आकड्यांवर फार विसंबतात. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचा आकडा वेगळ्या मापाचा असतो. एकातला ५२ म्हणजे दुसऱ्यातला ५२ नव्हे. आम्ही कापडवाले ठाणावरच्या चिठ्ठीवर विसंबत नाही, गज लावून मोजतो. इथेही चित्र साध्या, स्वस्त मोबाईलवर पाठवून त्यावर शाळेची पट्टी ठेवावी. शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत दोन मिलिमीटर भरले पाहिजेत. मग तो मोबाईल दुपारच्या उन्हात चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या हाती, चष्म्याशिवाय द्यावा आणि फीची शेवटची तारीख विचारावी. त्याने मोबाईल डोळ्यांजवळ नेला किंवा दूर धरला, तर चित्र परत पाठवावे. अशा वेळी अक्षर बारीक न करता मजकूर छाटावा. 'अनुभवी शिक्षक' आणि 'उज्ज्वल भवितव्य' या दोन ओळी काढल्या तरी एका चित्रात बरीच जागा होते.