बायोडेटासोबत कोणता फोटो पाठवाल?

लग्नाचा बायोडेटा करताना घरची मंडळी गोत्र, शिक्षण, पगार चार-चारदा तपासतात. फोटो मात्र मोबाइलमध्ये हाताला लागेल तो जोडतात. समोरच्या घरी आधी फोटोच पाहिला जातो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी चेहऱ्याबद्दल मत बनवायला माणसाला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. जास्त वेळ मिळाला तर मत फारसं बदलत नाही, फक्त ते पक्कं होतं.

चाकणच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या, ओळखीतल्या एका मुलाने चार फोटो काढून ठेवले होते. पहिल्यात तो गॉगल लावून मामाच्या गाडीला टेकून उभा. गाडी कोणाची, हा प्रश्न मुलीकडचे पहिल्या भेटीत विचारणारच, आणि डोळे तर दिसतच नाहीत. दुसरा बहिणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला. फोटो झकास, पण कपाळ आणि केस झाकलेले. शिवाय तो मित्रांच्या घोळक्यातून कापलेला, त्यामुळे खांद्यावर कोणाचा तरी हात तेवढा शिल्लक राहिलेला. पाहणाऱ्याची नजर चेहरा सोडून त्या हातावरच जाते.

तिसरा स्टुडिओतला, उसन्या ब्लेझरमधला. यात चेहरा मानेपेक्षा दोन छटा उजळ केला होता आणि हनुवटीजवळचा तीळ गायब. असा फोटो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही: मान आणि कान चेहऱ्याशी जुळतात का ते पाहा, भुवईचे केस सुटे दिसतात की पुसट पट्टा झालाय ते पाहा. बऱ्याच मोबाइलांत ‘ब्युटी’ नावाची सोय आपण न सांगताच चालू असते, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती आधी शून्यावर आणा. सावळ्या मुला-मुलींच्या आईवडिलांना हे पटवणं जड जातं, मला माहीत आहे. पण कांदेपोह्यांच्या दिवशी मुलगी दारातून आत आली, की खरा रंग दिसतोच. मग पाहुण्यांना खटकतं ते रंगापेक्षा लपवणं.

चौथा सेल्फी. त्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसत होते. हा दोष त्याच्या नाकाचा नाही, अंतराचा आहे. कॅमेरा जवळ असला की जे पुढे आहे ते फुगतं. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा, की एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक साधारण तीस टक्क्यांनी जास्त रुंद दिसतं, आणि पाच फुटांवरून हा फरक जवळपास उरत नाही.

म्हणून पाचवा फोटो काढला. सकाळी गॅलरीत, थेट ऊन अंगावर नाही पण उजेड समोरून येतोय अशा जागी. बहिणीने मागचा कॅमेरा वापरला, पाच-सहा पावलं लांब उभी राहिली, मोबाइल त्याच्या डोळ्यांच्या उंचीला धरला आणि झूम थोडा वाढवला. अंगात इस्त्रीचा नेहमीचा शर्ट, मागे साधी भिंत. ‘हास’ असं कोणी म्हटलं नाही. ती त्याच्याशी बोलत राहिली आणि मधे मधे बटण दाबत गेली. वीसेक फोटो निघाले.

आता त्यातला निवडायचा कोणी? त्यानं स्वतः निवडू नये. ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तपासलं, तर लोकांनी स्वतःचे निवडलेले फोटो अनोळखी माणसांवर तितकी चांगली छाप पाडत नव्हते, जितकी परक्यांनी निवडलेले पाडत होते. आपला चेहरा परक्याला कसा दिसतो हे सांगायला आपण बरे साक्षीदार नाही. आईसुद्धा नाही, तिला लेकराचा प्रत्येक फोटो गोड दिसतो. आम्ही ते फोटो शेजारच्या इमारतीतल्या, त्याला न ओळखणाऱ्या दोन बायकांना दाखवले. ‘फोटो कसा आलाय’ असं विचारलं तर लोक शर्टाचं कौतुक करतात, म्हणून ‘हा माणूस कसा वाटतो’ असं विचारलं. दोघींनी एकच उचलला. त्यात डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या होत्या आणि हसताना एक दात थोडा पुढे दिसत होता. त्याला स्वतःला तो अजिबात आवडला नव्हता.

सोबत एक पूर्ण उभा फोटोही द्या, त्याच दिवसाचा. उंचीचा अंदाज येतो आणि फोनवर विचारणं टळतं. वजन बरंच बदललं असेल, दाढी ठेवली किंवा काढली असेल, चष्मा लागला असेल, तर जुना फोटो काढून टाका. चष्मा रोज लावत असाल तर फोटोतही लावा, फक्त काचेवर खिडकीची चमक येते का ते पाहून मान किंचित खाली करा.