तिकिटापलीकडचा खर्च

पुण्यातल्या अकरावीच्या एखाद्या मुलीला महिन्याला दीड हजार रुपये पॉकेटमनी मिळतो असे धरू. चार शनिवारी मैत्रिणींबरोबर सिनेमा, तिकीट 180 रुपये. म्हणजे तिच्या मते खर्च 720. मग वीस तारखेलाच पैसे का संपतात? खर्च झाला त्याच दिवशी लिहिलेल्या हिशेबाच्या वहीत उत्तर सापडते: तिकीट 180, ऑनलाइन बुकिंगचा आकार 25, पॉपकॉर्नचा वाटा 120, जाता-येता रिक्षाचा वाटा 60, नंतरचे सँडविच 65. एक शनिवार 450 चा, महिना 1800 चा. वरचे तीनशे मैत्रिणीकडून उसने आलेले असतात आणि उसने पैसे कुणी खर्चात धरत नाही. मोबाइलमध्ये सगळे व्यवहार दिसतातच, मग वही कशाला, असे कुणी म्हणेल. पण चौघींची तिकिटे तिने काढली तर मोबाइल 720 दाखवतो, तिचा खर्च मात्र 180 असतो. मैत्रिणीने दिलेले रिक्षाभाडे तर तिथे दिसतच नाही. म्हणून वहीत येणे आणि देणे असे दोन रकाने हवेतच. अशाने मुले कंजूष होतील, ही भीतीही मला पटत नाही. पॉपकॉर्न वगळले तर चार शनिवार 1320 रुपयांत बसतात, सिनेमा एकही सुटत नाही. पालकांना एकच विनंती: ही वही तपासायला मागू नका, नाहीतर सँडविच आणि उसनवारी तिच्यात लिहिलीच जाणार नाही.