बासष्ट टक्के, पण कोणाच्या तुलनेत?

वैद्यकीय महाविद्यालयांत 'जर्नल क्लब' भरतो. एखादा निवासी डॉक्टर शोधनिबंध वाचतो आणि स्लाइड्सवर मांडतो. पुढे त्याच स्लाइड्स आखूड करून 'सारांश' म्हणून फिरतात. माझ्या मते हा सारांश नव्हेच. म्हसावदसारख्या गावातला वैद्यकीय अधिकारी त्या चर्चेला हजर नसतो. त्याच्या हाती फक्त ते एक पान येते.

गडचिरोलीतील डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांचा 'लॅन्सेट'मधला १९९९ चा निबंध घ्या. गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर प्रतिजैविकेही दिली. शेवटच्या स्लाइडवर हमखास येते: 'नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट'.

चिकित्सक सारांशाची सुरुवात रचनेपासून व्हावी. ३९ गावांत ही सेवा होती, ४७ गावे तुलनेसाठी होती. सेवेच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळे दगावत, ती १९९७-९८ मध्ये २५.५ वर आली. म्हणजे त्या गावांपुरती घट ५९ टक्के. तुलनेच्या गावांत दर ५८ वरून ५९.६ झाला. हा फरक जमेस धरला की निव्वळ घट सुमारे ६२ टक्के येते. 'हजारी ६२' आणि '६२ टक्के' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्लाइडवर त्यांची सहज गल्लत होते.

मग पूर्वग्रह. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, आणि 'सर्च' संस्था तिथे आधीपासून काम करत होती. सुरुवातीचे दर जवळपास सारखे होते, ही जमेची बाजू. पण लोकांचा विश्वास दोन्हीकडे सारखाच होता, असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा बारीक आहे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आले. हा आकडा जपून वापरावा, कारण निदान लक्षणांवरून होते. सौम्य बाळेही आजारी धरली गेली, तर कोणी अधिक न वाचताही टक्केवारी घटते. एकूण जन्मांमागील मृत्युदराला हा धोका नाही. सारांशात भर त्याच आकड्यावर हवा.

शेवटी मर्यादा. सेवा एकत्रित दिल्यामुळे कोणत्या भागाने किती जीव वाचले, हे या तुलनेतून सांगता येत नाही. शिवाय आरोग्यदूतांवर संस्थेची कडक देखरेख होती. २०११ पासून 'आशा' घरोघरी नवजात बाळांना भेटी देतात, पण ती देखरेख सोबत आली नसेल, तर सातपुड्याच्या पाड्यावर ६२ टक्क्यांची अपेक्षा धरता येणार नाही.

यामुळे निबंध उणा ठरत नाही. मृत्युदरातला एवढा मोठा फरक केवळ विभागणीतल्या उणिवेने पडला असेल, असे मला वाटत नाही. मात्र हा निर्णय वाचणाऱ्याला स्वतः घेता यावा, एवढे त्या पानावर असलेच पाहिजे.