एका फेरीतले पंचवीस टक्के

पोलादपूरच्या खताच्या दुकानात ‘उज्ज्वला’ युरियाची ४५ किलोची गोणी मिळते. ती गोणी बनवायला साधारण २६ किलो अमोनिया खर्च होतो, आणि आरसीएफचा तो अमोनिया आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळला बनतो. टॉपसो पद्धतीच्या दोन ओळी, मूळ क्षमता प्रत्येकी दिवसाला १३५० टन. महाड आणि बिरवाडीच्या कारखान्यांत अमोनिया येतो तो टँकरने किंवा सिलिंडरने. त्यामुळे इथल्या बहुतेक वाचकांनी सिंथेसिस लूप प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तरीही गेल्या महिन्यात महाडला भरलेल्या एका वर्गात एका तरुण शिफ्ट इन्चार्जने जो प्रश्न विचारला, त्याच्यासाठी हे पान खर्ची घालायचं ठरवलं.

प्रश्न असा होता: “सर, कन्व्हर्टरमधून एका फेरीत नायट्रोजनचं पंचवीस टक्केच रूपांतर होतं, आणि एकूण रूपांतर नव्वदच्या वर जातं. मग कॅटॅलिस्ट सुधारून फेरीतले पंचवीसचे तीस केले, तर एकूण किती होईल?”

मी फळ्यावर आकडेमोड केली. उत्तर आलं, काहीच फरक पडत नाही. वर्गात चुळबुळ झाली, आणि ती स्वाभाविक होती. एकूण रूपांतर ही कॅटॅलिस्टची कामगिरी आहे असं आपण कुठेतरी गृहीत धरून बसलेलो असतो.

ती आकडेमोड इथे पुन्हा मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्याही कारखान्याच्या लॉगबुकातले नाहीत. रिफॉर्मर, शिफ्ट, कार्बन डायऑक्साइड काढणं आणि मिथेनेशन हे सगळं उरकून लूपकडे येणाऱ्या ताज्या वायूचे, म्हणजे मेक-अप गॅसचे, १०० किलोमोल घ्या. त्यात हायड्रोजन ७४.१, नायट्रोजन २४.७ आणि उरलेले १.२ इनर्ट: मिथेन ०.९, आरगॉन ०.३. आरगॉन सेकंडरी रिफॉर्मरच्या हवेतून आला. मिथेन कुठून आला, ते पुढे पाहू.

कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेला वायू थंड केला की अमोनिया द्रवरूपात सेपरेटरमध्ये उतरतो. उरलेला वायू सर्क्युलेटर पुन्हा कन्व्हर्टरकडे ढकलतो. फ्रिट्झ हाबर आणि त्याचा सहकारी ल रोसिन्योल यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरूहला बीएएसएफच्या लोकांसमोर जे उपकरण चालवून दाखवलं, त्यातही वायू असाच फिरत होता. समतोलच एका फेरीत पूर्ण रूपांतर होऊ देत नाही, तेव्हा फिरवण्यावाचून गत्यंतर नाही.

पण मिथेन आणि आरगॉन यांचं काहीच बनत नाही. दर १०० किलोमोल मेक-अपबरोबर १.२ किलोमोल आत येत राहतात. त्यांना वाट दिली नाही तर ते साचतात, लूपचा दाब चढतो आणि शेवटी कन्व्हर्टर गारठतो. म्हणून सेपरेटरनंतर, मेक-अप मिसळण्याआधी, एक छोटा पर्ज काढतात. जागा मुद्दाम तीच. अमोनिया निघून गेलेला आणि ताजा वायू अजून न मिसळलेला, अशा त्या ठिकाणी इनर्टचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. म्हणजे एक किलोमोल इनर्ट बाहेर टाकताना चांगला वायू कमीत कमी जातो.

समजा आपण तिथे इनर्ट १२ टक्के राखतो. १.२ बाहेर जायला पर्ज हवा १० किलोमोल. त्यातले ८.८ चांगला वायू: हायड्रोजन ६.६, नायट्रोजन २.२. आत आलेल्या २४.७ नायट्रोजनपैकी २.२ वाया, २२.५ चा अमोनिया झाला, म्हणजे अमोनिया ४५ किलोमोल आणि एकूण रूपांतर ९१ टक्के. या हिशोबात पंचवीस टक्के हा आकडा कुठेच आला नाही. मेक-अपमध्ये एका भाग इनर्टबरोबर ८२.३ भाग चांगला वायू येतो, पर्जमध्ये एका भाग इनर्टबरोबर ७.३ भाग जातो. ७.३ भागिले ८२.३, झाली ९ टक्के गळती. एकूण रूपांतर ठरवणारे आकडे हे दोनच, आत येताना इनर्ट किती आणि बाहेर जाताना किती.

मग पंचवीस टक्क्यांचं काय? ते सर्क्युलेटरच्या वाट्याला येतं. २२.५ नायट्रोजन रूपांतरित व्हायचा तर कन्व्हर्टरमध्ये ९० जायला हवा. त्याच्या तिप्पट हायड्रोजन आणि सोबतचे इनर्ट धरले तर रीसायकल येतो सुमारे २९७ किलोमोल, मेक-अपच्या जवळजवळ तिप्पट. फेरीतलं रूपांतर तीस झालं की हा आकडा घटतो, सर्क्युलेटरची वीज किंवा वाफ वाचते आणि कूलरवरचा भार उतरतो. वर्गातल्या त्या मुलाने जो फायदा मागितला होता, तो खरा आहे, पण वेगळ्या मीटरवर दिसतो.

इनर्ट २० टक्क्यांपर्यंत चढू दिले तर? पर्ज ६ वर येतो, नायट्रोजन १.२ च वाया जातो, एकूण रूपांतर ९५ टक्के होतं. फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पण इनर्टच्या गर्दीत हायड्रोजन-नायट्रोजनचा आंशिक दाब उतरतो. फेरीतलं रूपांतर समजा २२ वर आलं, तर रीसायकल २९७ वरून ४११ होतो. सर्क्युलेटरकडे तेवढी जागा नसेल तर लूपचा दाब चढतो आणि सिन्गॅस कॉम्प्रेसर जास्त वाफ खातो. पर्ज किती ठेवायचा याचा निर्णय या दोन खर्चांच्या मधे कुठेतरी बसतो. पर्ज वाया जातो हेही पूर्ण खरं नाही. तो प्रायमरी रिफॉर्मरच्या भट्टीत जळतो, तेव्हा तुलना ‘अमोनिया की शून्य’ अशी नसून ‘अमोनिया की इंधन’ अशी असते. पर्जमधला हायड्रोजन मेम्ब्रेनने किंवा अतिशीत युनिटने परत मिळवता येतो. पण आपल्या उदाहरणातल्या ६.६ पैकी सुमारे ६ परत आणले तर त्यांना जोडीला २ नायट्रोजन लागतो, आणि तो सेकंडरी रिफॉर्मरमध्ये जास्त हवा सोडूनच मिळतो. रिकव्हरी युनिट चालू केलं आणि हवा तशीच ठेवली, तर ते अर्धंच काम झालं.

आता मिथेनकडे. मेक-अपमधला मिथेन म्हणजे सेकंडरी रिफॉर्मरमधून निसटलेला, एवढंच आपण समजतो. पण शिफ्टमधून निसटलेला कार्बन मोनॉक्साइडही मिथेनेटरमध्ये मिथेन होतो, आणि होताना एकास तीन या मापाने हायड्रोजन खातो. लो टेम्परेचर शिफ्टचा कॅटॅलिस्ट म्हातारा झाला की निसटणारा मोनॉक्साइड वाढतो. नुकसान तिथे दोनदा होतं: हायड्रोजन जागेवर जातो, आणि तयार झालेला मिथेन लूपमधून बाहेर काढताना आणखी चांगला वायू सोबत नेतो. वरच्या उदाहरणात मिथेन ०.९ वरून ०.५ वर आणला आणि पर्जमधले इनर्ट १२ टक्केच ठेवले, तर एकूण रूपांतर ९१ वरून ९४ होतं. लूपमधल्या एकाही व्हॉल्व्हला हात न लावता. म्हणून ‘लूपची कार्यक्षमता घसरली’ अशी तक्रार आली की मी आधी शिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं विश्लेषण मागतो.

याहून खोडकर गोष्ट आहे प्रमाणाची. मेक-अपमध्ये हायड्रोजन-नायट्रोजनचं प्रमाण ३ ऐवजी २.९५ झालं, म्हणजे हायड्रोजन ७३.८ आणि नायट्रोजन २५, तर कुणी लक्ष देणार नाही. पण कन्व्हर्टर तिनास एक हेच माप घेतो. जास्तीचा नायट्रोजन फक्त पर्जमधून बाहेर पडू शकतो, आणि पर्ज तर छोटासा. गणित केलं तर १० किलोमोल पर्जमध्ये नायट्रोजन २.५, हायड्रोजन ६.३. लूपमधलं प्रमाण २.५२! पर्ज ६ केला तर २.२. बाहेरची चिमूटभर चूक आत कितीतरी मोठी होते, आणि पर्ज जितका आखडाल तितकी आणखी मोठी. शिवाय ती हळूहळू होते. पॅनेलवरचा माणूस हवा जरा कमी करतो, अर्ध्या तासात काही दिसत नाही, म्हणून पुन्हा कमी करतो, आणि शिफ्ट संपताना लूप दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. प्रमाणाची दुरुस्ती मेक-अपच्या ॲनालायझरकडे बघून करावी, लूपच्या नव्हे. लूपचा आकडा हा काल आणि आज यांची सरमिसळ असते.

दाब चढला, कन्व्हर्टरमधली तापमानवाढ उतरली, तर दोष कुठला? इनर्ट, प्रमाण आणि चिलर, या तिन्ही दोषांत सुरुवातीची लक्षणं सारखीच असतात. पर्जचा नमुना पाहावा. इनर्ट वाढलेले असतील तर पर्ज कमी पडतोय किंवा मेक-अपमध्ये मिथेन वाढलाय. इनर्ट जागेवर पण प्रमाण सरकलेलं असेल तर हवा. दोन्ही ठीक असतील तर कन्व्हर्टरच्या तोंडाशी अमोनिया किती आहे ते बघा. चिलर नीट थंड करत नसेल तर न उतरलेला अमोनिया परत आत जातो आणि फेरीतलं रूपांतर खातो. हे सगळं तपासून झाल्यावरच कॅटॅलिस्टवर बोट ठेवावं.

एक दुरुस्ती नोंदवून ठेवतो, कारण थळ-तळोज्याकडचे वाचक पत्र पाठवतीलच. वरच्या हिशोबात अमोनिया पूर्ण वेगळा होतो आणि इनर्ट फक्त पर्जमधून जातात असं धरलंय. प्रत्यक्षात जास्त दाबाखालच्या द्रव अमोनियात थोडा मिथेन आणि आरगॉन विरघळून जातो आणि लेट-डाउन व्हेसलमध्ये दाब उतरताच सुटतो. म्हणून खरा पर्ज या आकड्याहून कमी लागतो.

महाडच्या मंडळींना यातलं काय उपयोगी? तुमच्याकडच्या बॅच हायड्रोजनेशनच्या ऑटोक्लेव्हमध्ये हाच प्रश्न छोट्या रूपात असतो. सुरुवातीला नायट्रोजनने पर्ज करता, त्यातला थोडा वरच्या जागेत राहतो. मग हायड्रोजन दाबावर सोडून ठेवला जातो, खपेल तेवढा आत येतो, आणि सिलिंडरच्या हायड्रोजनमधली अशुद्धीही त्याच्याबरोबर येते. बाहेर मात्र काहीच जात नाही. हा पर्ज नसलेला लूपच झाला. बॅचच्या शेवटी हायड्रोजन खपणं मंदावतं, गेजवर दाब पुरेसा दिसतो, आणि रॅनी निकेल मेलं असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी प्रक्रियेत ठरवून दिलेल्या सुरक्षित व्हेंट लाइनवर वरचा वायू थोडा सोडून हायड्रोजन पुन्हा भरून बघा. खपणं परत सुरू झालं, तर नव्या कॅटॅलिस्टची मागणी फाडून टाका.