कराराची प्रत मागताना

आमच्या नात्यातली एक मुलगी लग्नानंतर जनवाड्यात भाड्याच्या घरात राहायला आली. भाडे चार हजार, अॅडव्हान्स तीस हजार. घरमालकाने बिदरहून बाँड टाइप करून आणला, तोही कन्नडात. जावईबापूंना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. त्यांनी सही केली, किल्ली घेतली. बाँड गेला मालकाच्या कपाटात. सहा महिन्यांनी गॅसच्या कामासाठी करार लागला, तेव्हा लक्षात आले की आपल्याकडे कागदच नाही. मागायला गेले की एकच उत्तर, "नाळे बर्री." ते 'नाळे' काही उगवेना.

खरी काळजी गॅसची नव्हतीच. घर सोडताना रंगाचे पैसे कापायचे की नाही, किती दिवस आधी सांगायचे आणि मुख्य म्हणजे अॅडव्हान्सचा आकडा काय लिहिला आहे, हे सगळे त्या न वाचलेल्या कागदात होते. तीस हजार रोख दिलेले, पावती नाही.

अशा वेळी आधी एक गोष्ट पाहावी. करार सबरजिस्ट्रार कचेरीत नोंदवला आहे का? नोंदवला असेल तर मालकाची मनधरणी नको. अर्ज करून फी भरली की कचेरीतूनच नक्कल मिळते. पण आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. अकरा महिन्यांच्या बाँडची नक्कल सरकारदप्तरी नसते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरीच्या वहीत सह्या झाल्याची नोंद सापडते, कराराचा मजकूर मात्र सापडत नाही.

म्हणून मागणे मालकाकडेच. ते भाडे देण्याच्या दिवशी, घरी जाऊन करावे. आमच्या मुलीला मी सांगितले, "कागद द्या म्हणू नकोस, त्यांना वाटेल मूळ कागद मागते आहे." ती म्हणाली, "अण्णारी, करारपत्रद झेरॉक्स ओंदु कोड्री. नाहीतर इथंच फोटो काढून घेते, कागद तुमच्याजवळच राहू द्या." फोटो काढताना प्रत्येक पान घ्यावे, स्टॅम्पची मागची बाजूही. दोघांच्या सह्या, साक्षीदारांची नावे, तारीख, अॅडव्हान्सचा आकडा आणि ई-स्टॅम्पवरचा नंबर स्पष्ट वाचता आला पाहिजे. मग कन्नड वाचणाऱ्या घरच्या माणसाकडून सगळी कलमे वाचून घ्यावीत.

तरीही टाळाटाळ झाली तर चार ओळींचे पत्र लिहून स्पीड पोस्टने पाठवावे: "आपल्या जनवाडा येथील घरात मी अमुक तारखेपासून भाड्याने राहतो. भाडे दरमहा 4,000 रुपये, अॅडव्हान्स 30,000 रुपये आपणांस पोचला आहे. आपण दोघांनी सही केलेल्या कराराची प्रत मला मिळालेली नाही. कृपया आठ दिवसांत द्यावी." पत्राची नक्कल आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. मालक गप्प राहिले म्हणजे आकडा सिद्ध झाला असे नाही. पण भांडण नसतानाच आपण तो लिहून कळवला, एवढे तरी नोंदीला राहते. पुढे प्रकरण कोर्टात गेलेच, तर मूळ कागद हजर करण्याची नोटीस मालकाला देता येते. तरीही त्यांनी तो आणला नाही, तर आपला फोटो किंवा झेरॉक्स पुढे करता येतो.

रागाने भाडे मात्र थांबवू नये. थकबाकी झाली की दोष आपल्याकडे येतो. उलट भाडे बँकेतून द्यावे, म्हणजे दर महिन्याला एक पुरावा आपोआप तयार होतो.

उदगीर, लातूरकडे लेक-जावई राहत असतील तर तिकडचा कायदा वेगळा आहे हे ध्यानात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. लेखी नोंदलेला करार नसेल, तर भाडेकरू सांगतो त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, धरल्या जातात. जनवाड्यासारख्या गावात ते संरक्षण नाही. इथे कागद हाच आधार.

आमच्या मुलीला अखेर फोटो मिळाला. अॅडव्हान्सच्या जागी वीस हजार लिहिलेले निघाले. टाइप करणाऱ्याची चूक, असे मालक म्हणाले आणि त्यांनी दुरुस्तीवर सही केली. शेजारी बसलेल्या दोघांनी साक्ष घातली. नाते टिकले, दहा हजारही वाचले. हेच घर सोडायच्या दिवशी कळले असते तर?

पुढच्या अकरा महिन्यांचा बाँड करताना सहीआधीच म्हणा, "दोन प्रती करूया, दुसऱ्या प्रतीच्या स्टॅम्पचे पैसे मी देतो."