सोडून गेलेल्यांचे शेत

हातोदच्या आमच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी आहे. तिच्यात आजोबांची जरीकाठी पगडी आहे, आणि पगडीखाली सुती दोऱ्याने बांधलेले जमिनीचे कागद आहेत. यंदा इंदुराहून एक गिऱ्हाईक शेत पाहून गेले, म्हणून ते कागद मी प्रथमच नीट वाचले. आजोबांनी हे शेत होळकर सरकारच्या लिलावात घेतले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. लिलाव का झाला, हे मात्र कोणी कधी विचारले नव्हते. कागदात त्याचे कारण अर्ध्या ओळीत दिले आहे. आधीचा खातेदार सारा न भरता गाव सोडून गेला.

ही अर्धी ओळ वाचली आणि मला डॉ. आंबेडकरांच्या एका निबंधातील उतारा आठवला. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे 1936 साली त्यांनी स्वतः छापलेले ते भाषण. त्यात आपल्या इंदूर जिल्ह्याची एक हकीकत आहे. आंबेडकर जन्मले महूला, म्हणजे याच जिल्ह्यात. तरी ही हकीकत त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या 4 जानेवारी 1928 च्या अंकातून घेतली होती.

हकीकत अशी. कनाडिया, बिचोली हप्सी, बिचोली मर्दाना आणि आणखी सुमारे पंधरा गावांतील कलोते, रजपूत व ब्राह्मण एकत्र आले. त्यांत पटेल आणि पटवारीही होते. त्यांनी गावातील बलाई लोकांस बजावले की, येथे राहायचे असेल तर आमच्या अटी पाळा. बलायाने जरीकाठी पगडी बांधू नये. रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसू नये. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर सांगावा घेऊन, कितीही लांब असो, पायपीट करावी. लग्नाच्या वरातीपुढे वाजवावे. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने व नटवे कपडे घालू नयेत, आणि सवर्ण बायकांच्या बाळंतपणांत राबावे. या सर्व कामाचा मोबदला मागू नये, मिळेल ते घ्यावे. हे कबूल नसेल तर गाव सोडावे.

बलायांनी हे नाकारले. मग त्यांना विहिरी बंद झाल्या आणि गुरांना चराई बंद झाली. दुसऱ्याच्या जमिनीतून पाऊल टाकण्याची मनाई झाली. ज्याचे शेत चहूकडून दुसऱ्यांच्या शेतांनी वेढलेले, त्याला आपल्याच शेतात जाता येईना, आणि त्याच्या उभ्या पिकात मात्र इतरांची गुरे सोडली गेली. बलायांनी दरबारात अर्ज केले. वेळेवर दाद मिळाली नाही. तेव्हा शेकडो लोक बायकामुलांसह धार, देवास, बागली, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेले.

माझ्या आजोबांनी आपली जरीकाठी पगडी कोणाची परवानगी न घेता बांधली. हा त्यांचा गुन्हा नव्हे. प्रश्न आहे तो पगडीखालच्या कागदांचा. या घटनेशी माझा संबंध काय, आणि मी कोणाचे काही देणे लागतो काय?

आधी पुराव्याचे पाहू. हातोद शहराच्या पश्चिमेला, बिचोली पूर्वेला. वृत्तात नावे तीनच गावांची आली आहेत आणि हातोद त्यांत नाही. एक खातेदार सारा न भरता निघून गेला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सावकारी, अवर्षण, साथीचे रोग यांमुळेही माणसे गाव सोडत. खरी खूण एका नावात मिळत नाही, अनेक नावांत मिळते. जुन्या दप्तरात कुळाच्या नावापुढे बापाचे नाव, जात आणि राहण्याचे ठिकाण लिहीत. एखाद्या गावाची लागोपाठची सालवार दप्तरे शेजारी मांडावीत. एका सालात निरनिराळ्या जातींची दोन-चार नावे गळालेली दिसली, तर ते दुष्काळाचे किंवा कर्जाचे काम समजावे. एकाच जातीची दहा-बारा नावे एकाच सालात गळाली आणि शेजारची खाती तशीच नांदत राहिली, तर ती माणसे आपल्या पायांनी गेलेली नव्हेत, घालवलेली आहेत. मात्र हे कागद लिहिणारा पटवारीच अटी घालणाऱ्यांत असेल, तर 'गाव सोडून गेला' या तीन शब्दांत किती काय दडपले असेल, याचाही विचार करावा लागतो.

आता समजा, असे सिद्ध झाले. तरी नातवाने का द्यावे? या आक्षेपाला आपल्याच धर्मशास्त्रात आधार आहे. पुत्राने पित्याचे ऋण फेडावे हे खरे. पण दारूचे, जुगाराचे आणि राजदंडाचे राहिलेले देणे पुत्रावर येत नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. अपराधाची शिक्षा अपराध्याबरोबर संपते, हा न्याय मला मान्य आहे. बिचोलीत विहीर बंद करणाऱ्याचा पणतू त्या पापाचा धनी नव्हे. त्याला गुन्हेगार म्हणून उभे करणारा स्वतःच जन्मावरून माणूस तोलतो, म्हणजे त्या जुन्या अटी घालणाऱ्यांचेच तत्त्व वापरतो.

परंतु दंड वेगळा आणि वस्तू वेगळी. तोच याज्ञवल्क्य म्हणतो की, जो धनी नाही त्याने विकलेली वस्तू मूळ धन्याने परत घ्यावी. चोरी करणाऱ्याची शिक्षा मुलाला नाही, पण चोरीची गाय मुलाच्या गोठ्यात बांधलेली असेल तर ती मुलाची होत नाही. यावर कोणी म्हणेल, इतक्या वर्षांच्या वहिवाटीने ती त्याचीच झाली. वहिवाटीचा नियमही स्मृतीत आहे. दुसरा जमीन भोगीत असता धनी वीस वर्षे पाहत राहिला आणि बोलला नाही, तर त्याचा हक्क जातो. येथे 'पाहत राहिला' आणि 'बोलला नाही' हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. बलाई पाहत राहिले नाहीत, त्यांना पाहण्याच्या पल्ल्याबाहेर घालवले गेले. आणि ते बोलले नाहीत असे तर मुळीच नाही. त्यांनी अर्ज केले होते.

आजचा कायदा इतका हळवा नाही. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खाजगी मालकाला ताब्याचा दावा बारा वर्षांच्या आत लावावा लागतो. ती मुदत गेली की दावाच नव्हे, हक्कही संपतो. त्यामुळे बलायांच्या पणतवंडांना कोर्टात वाट नाही. तथापि कायदेमंडळाने मनात आणले तर हे दार उघडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मध्य प्रदेशाच्या जमीन महसूल संहितेत 1980 साली 170-ख हे कलम घातले गेले. 2 ऑक्टोबर 1959 नंतर आदिवासीची जमीन ज्याच्या हाती आली, त्यानेच ती कशी आली हे अधिकाऱ्यास कळवावे. न कळवल्यास ताबा बेकायदा धरून जमीन मूळ धन्याला परत जाईल. पुराव्याचा भार गमावणाऱ्याच्या डोक्यावरून उचलून भोगणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला गेला. मात्र हे कलम आदिवासींपुरते आहे. बलायांना ते लागू नाही आणि 1928 पर्यंत ते पोहोचतही नाही.

मग आज बिचोलीत आणि कनाडिया रस्त्यावर बंगले बांधून राहणाऱ्यांना उठवावे काय? नाही. त्यांनी पुरती किंमत मोजली आहे, आणि एक अन्याय दुसऱ्याने फिटत नाही. खरा देणेकरी दुसरा आहे. अर्ज पडून राहिले ते दरबारात. तुकोजीराव 1926 साली गादीवरून उतरले होते आणि यशवंतरावांच्या हाती पूर्ण अधिकार 1930 साली आले. मधला कारभार मंडळाकडे होता. दाद द्यायची जबाबदारी राज्याची होती, आणि राज्य माणसासारखे मरत नाही. होळकरांचे राज्य 1948 साली मध्यभारतात गेले, मध्यभारत 1956 साली मध्य प्रदेशात आले. राज्यघटनेच्या 295 व्या कलमाने संस्थानी सरकारांची मालमत्ताही नव्या सरकारांकडे आली आणि दायित्वेही आली. दाद न मिळालेला अर्ज हे कायद्याच्या भाषेत दायित्व ठरणार नाही, हे मी जाणतो. पण तिजोरी घेतली आणि अर्जांचे गाठोडे नाकारले, हा व्यवहार सरळ नव्हे.

'जुन्या गोष्टींसाठी आजच्या करदात्याने का भरावे' असे विचारणाऱ्यांनी हेही आठवावे की, करदाता असे भरतच आला आहे. मध्यभारतात 1951 च्या कायद्याने जहागिरी गेल्या तेव्हा जहागीरदारांना मोबदला मिळाला. संस्थानिकांचे तनखे 1971 पर्यंत चालू होते. विलायतेत 1833 साली गुलामगिरी मोडण्याचा कायदा झाला, तेव्हा 2 कोटी पौंड दिले गेले ते मालकांना. गुलामांना काही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग 2015 साली फिटला. म्हणजे मागच्या पिढ्यांचा हिशेब पुढच्यांनी चुकवायचा नसतो, असा नियम कोठेच नाही. आजवर तो चुकता झाला तो ज्यांचा अधिकार गेला त्यांच्यासाठी. ज्यांचे घर गेले त्यांची पाळी आली की काळ फार लोटलेला असतो.

नोकऱ्या-शिक्षणातील राखीव जागांनी हे फिटले, असेही म्हणता येत नाही. त्या जागा पुढची वाट मोकळी करतात. बिचोलीतले शेत त्यांनी परत येत नाही. माझी मागणी माफक आहे. त्या अठरा गावांची दप्तरे सरकारने काढून सालवार तपासावीत. गेलेल्या खातेदारांची यादी प्रसिद्ध करावी. वंशज पटतील त्यांना, त्याच भागात सरकारी योजनेतून निघणाऱ्या भूखंडांत ठरावीक वाटा द्यावा. कोणाचेही चालते घर न मोडता एवढे होऊ शकते.

आणि माझे काय? मी दोषी नाही, पण माझ्या हातात कागद आहेत. ते लपवले तर मात्र आजोबांच्या पिढीतली गोष्ट माझी होईल. पेटीतल्या कागदांच्या नकला मी काढल्या आहेत आणि हातोदच्या त्या सालांची दप्तरे पाहण्यासाठी अर्ज केला आहे. गिऱ्हाइकास सांगितले आहे की, थांबावे लागेल. आमच्या शेताआधीच्या त्या माणसाबरोबर आणखी किती नावे गळाली, हे कळल्यावाचून मी सही करणार नाही. घरचे नाराज आहेत. मुलगा म्हणतो, शंभर वर्षे कोणी विचारले नाही. मी त्याला एवढेच म्हणालो की, कोणी विचारले नाही असे नव्हे, विचारणाऱ्यास कोणी उत्तर दिले नाही.